आयईएलटीएसला स्पीकिंग 7.5 आणि पीटीईला 68, मग माझं इंग्रजी नक्की कुठलं?

प्रश्न: नोव्हेंबर 2024 ला आयईएलटीएस दिली, लिसनिंग 8, रीडिंग 7.5, रायटिंग 6.5, स्पीकिंग 7.5. रायटिंगमुळे ऑस्ट्रेलिया पीआरचे 10 पॉइंट गेले. म्हणून फेब्रुवारी 2026 ला पीटीई दिली, त्याच क्रमाने 71, 68, 72, 68. मित्राला जून 2025 मध्ये सगळ्यात 66-67 होते, त्याला 10 पॉइंट मिळाले, मला म्हणे नाही मिळणार. माणूस तोच, इंग्रजी तेच, मग दोन परीक्षा वेगळं का सांगतात? आणि जुनी आयईएलटीएस रिन्यू होते का, की मुदत संपली की रद्दी?

उत्तर: आकडे सगळे दिलेत ते बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं "ओव्हरऑल 7.5 आहे" एवढंच लिहितात आणि त्यावरून काही म्हणजे काही सांगता येत नाही. मी बडोद्यात कारेलीबागेत चौदा वर्षं या परीक्षांचे क्लास घेतेय, आधी फक्त आयईएलटीएस, नंतर पीटीई पण. तुमच्यासारखी मार्कशीटची जोडी घेऊन महिन्याला एखादा तरी येतोच.

मला तुमच्या आकड्यांत पहिल्यांदा दिसलं ते असं की दोन्ही परीक्षांनी तुम्हाला वेगवेगळ्या जागी अडवलंय. आयईएलटीएसने रायटिंगला अडवलं आणि स्पीकिंगला शाबासकी दिली, पीटीईने बरोबर उलटं केलं. एक परीक्षा कडक आणि दुसरी सैल असती तर सगळेच आकडे एका बाजूला झुकले असते ना. तसं झालेलं नाही. म्हणजे दोघींनी "रायटिंग" आणि "स्पीकिंग" या एकाच नावाखाली वेगळी वेगळी गोष्ट मोजलीय. मित्राचं जे आहे तो अजून तिसराच मामला, त्याचा इंग्रजीशी संबंध नाही, तारखेशी आहे. तिकडे येते.

आधी रायटिंग. आयईएलटीएसमध्ये 60 मिनिटांत दोन लेखनं, पहिलं किमान 150 शब्दांचं, दुसरं 250 चं, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. तपासताना चार गोष्टी बघतात: प्रश्नाला धरून लिहिलंय का, मुद्दे एकमेकांना जोडलेत का, शब्द, आणि व्याकरण. म्हणजे पहिल्यात ग्राफचं वर्णन तुम्ही झकास केलंत पण दुसऱ्यात निबंध "दोन्ही बाजू बरोबर आहेत" करत फिरत राहिला, तुमचं मत काय ते शेवटच्या ओळीपर्यंत कळलंच नाही, तर तो दुप्पट वजनाचा निबंध सगळं खाली ओढतो. आपल्याकडच्या शाळेतल्या निबंधाची सवय इथे नडते. प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार. मी रोज बघते हे.

पीटीईत रायटिंगचा आकडा फक्त निबंधातून येत नाही. तिथे एक प्रकार आहे, राइट फ्रॉम डिक्टेशन, हेडफोनमध्ये एक वाक्य येतं आणि ते जसंच्या तसं टाइप करायचं. त्याचे मार्क लिसनिंगला पण जातात आणि रायटिंगला पण. लेक्चर ऐकून त्याचा सारांश लिहायचा असतो, त्याचंही तसंच. तुमचं लिसनिंग 8 आहे, म्हणजे कान पक्के, स्पेलिंग बहुतेक बरं, तर त्या कानांनी तुमच्या रायटिंगच्या आकड्याला खांदा दिला. म्हणून 72. त्या 72 चा अर्थ तुमचा निबंध सुधारला असा काढू नका, निबंध बहुतेक तिथेच आहे जिथे 2024 ला होता.

आता स्पीकिंग, जिथे तुम्हाला जास्त लागलंय. आयईएलटीएसला समोर माणूस बसतो, 11 ते 14 मिनिटं बोलणं चालतं. तुम्ही थांबलात, विचार केलात, "लेट मी थिंक" म्हणालात, तर तो वाट बघतो. विचार करायला थांबणं आणि शब्द सापडत नाही म्हणून थांबणं यातला फरक परीक्षकाला कळतो, आणि पहिल्यासाठी तो फारसं कापत नाही. पीटीईत समोर मायक्रोफोन असतो, आणि स्पीकिंगच्या बऱ्याचशा भागात प्रश्न संवादाचा नसतोच. वाक्य ऐका आणि परत म्हणा, चित्र बघा आणि 40 सेकंद बोला, असं. तिथे प्रवाहीपणाचे वेगळे मार्क असतात आणि ते कापले जातात अडखळल्यावर, शब्द परत म्हटल्यावर, आणि वाक्य सुरू करून मोडून पुन्हा सुरू केल्यावर. मध्ये तीन सेकंद गप्प बसलात तर रेकॉर्डिंगच बंद होतं, मग पुढे कितीही छान बोला, ऐकायला कोणी नाही.

क्लासमध्ये एक मुलगा होता, मराठी घरातला, दांडिया बाजारातला, घरी मराठी, मित्रांत गुजराती, ऑफिसात इंग्रजी. बोलायला लागला की ऐकत राहावं असं बोलायचा, आयईएलटीएसला स्पीकिंग 8. पीटीईच्या सरावात स्पीकिंगचा आकडा साठच्या वर जाईना. मी त्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि वहीत खुणा केल्या. वाक्य साधंच होतं, विद्यार्थ्यांनी शुक्रवारच्या आत फॉर्म द्यावेत अशा अर्थाचं. तो म्हणाला "स्टुडंट्स शुड... द स्टुडंट्स शुड सबमिट देअर, अं, देअर फॉर्म्स". चूक एकही नाही! समोर माणूस असता तर त्याला हे जाणवलंही नसतं. पण दहा वाक्यांत अशा चौदा खुणा निघाल्या. तो स्वतःला सुधारत सुधारत बोलायचा, सावध माणसं बोलतात ना तसं, आणि मशीनला ते सगळं अडखळणं. त्याला मी एकच नियम दिला, चुकलं तरी मागे जायचं नाही, चुकीचं "अ" गेलं तर गेलं, वाक्य पूर्ण करायचं. तीन आठवडे रोज रात्री फोनवर वीस वाक्यं रेकॉर्ड करून पाठवायचा, त्याची बायको कंटाळली होती. पण खुणा चौदाच्या चारवर आल्या आणि आकडा हलला.

तुम्ही पण हे करून बघा. सरावाची दहा वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, लगेच नको, लगेच ऐकलं की आपल्याला आपलं सगळं बरोबरच वाटतं. मागे वळल्याच्या आणि "अं" च्या खुणा मोजा. खूप निघाल्या तर तुमचा 68 ही सवयीची गोष्ट आहे. अगदी कमी निघाल्या तर मग उच्चार बघायचे, किंवा मायक्रोफोन. तोंडाला चिकटवून ठेवला की श्वासाचा फुसफुस आवाज जातो, हॉलमध्ये शेजारचा ओरडून बोलत असला की आपण पण लय सोडून ओरडायला लागतो. हे माझ्या स्वतःच्या बाबतीत झालंय, मी दर दोन वर्षांनी परीक्षा देऊन बघते, एकदा शेजारच्या मुलीमुळे मी चित्राचं वर्णन अक्षरशः भाजीवालीसारखं केलं.

आता मित्राचं. 7 ऑगस्ट 2025 पासून ऑस्ट्रेलियाच्या होम अफेअर्स खात्याने इंग्रजीचे कोष्टक बदलले. त्याआधी पीटीईला सरळ हिशोब होता, 10 पॉइंटच्या "प्रोफिशियंट" पातळीला चारही ठिकाणी 65. आता त्याच पातळीला लिसनिंग 58, रीडिंग 59, रायटिंग 69 आणि स्पीकिंग 76 लागतात. आयईएलटीएसला चारही ठिकाणी 7, ते होतं तसंच आहे. तुमचे आकडे यावर ठेवा: लिसनिंग 71 पास, रीडिंग 68 पास, रायटिंग 72 पास पण तीनच मार्कांनी, स्पीकिंग 68, आठने कमी. जुन्या नियमात तुम्ही आरामात बसला असता. मित्राने परीक्षा जूनमध्ये दिली, आणि 6 ऑगस्ट 2025 पर्यंत दिलेल्या परीक्षांना जुनेच आकडे लागू राहतात, म्हणून त्याचे 66 आजही 10 पॉइंटचे आणि तुमचे 68 नाहीत. तुम्हाला जो कोणी अजून "चारही 65" सांगत असेल त्याच्या भिंतीवरचा कागद जुना आहे, आमच्या सयाजीगंजात पण तसले बोर्ड अजून दिसतात.

पण 65-65-65-65 चं 58-59-69-76 का झालं, हे कळलं की तुमचा मूळ प्रश्न निम्मा सुटतो. दोन परीक्षांची तुलना कशी करतात ते बघा. दोन्ही परीक्षा थोड्या अंतराने दिलेली बरीच माणसं गोळा करतात. समजा हजार. त्यांना आयईएलटीएस स्पीकिंगच्या मार्कांनी ओळीत उभं केलं आणि समजा वरच्या तीनशे जणांना 7 किंवा जास्त आहे. मग त्याच हजारांना पीटीई स्पीकिंगच्या मार्कांनी परत ओळीत उभं करायचं, आणि तिथे वरून तीनशेवा माणूस किती मार्कांवर आहे ते बघायचं. तो जर 76 वर असेल तर 7 बरोबर 76. झालं, साधारण एवढंच आहे. प्रश्न कुठला अवघड, कुठलं इंग्रजी खरं, हे यात कोणी विचारतच नाही, फक्त रांगेतली जागा जुळवतात. (हजार आणि तीनशे हे मी समजवायला घेतलेले आकडे, खऱ्या अभ्यासाचे नव्हेत.)

आता नवे आकडे वाचा. स्पीकिंगला 76 म्हणजे आयईएलटीएसला 7 मिळवणाऱ्या लोकांना पीटीई स्पीकिंगला बरेच जास्त मिळतात, आणि लिसनिंगला 58 म्हणजे तिथे त्यांना कमी मिळतात. जुना सपाट 65 स्पीकिंगला सैल होता आणि लिसनिंगला उगीच कडक. तसं पाहिलं तर नवं कोष्टक जास्त न्यायाचं आहे, भले तुम्हाला ते टोचतंय.

अडचण अशी की रांग जुळते ती जमावाची, माणसाची नाही. हजारात वरून तीनशेवा या रांगेत जो आहे तोच त्या रांगेत असेल असं कोणी म्हणत नाही. आयईएलटीएसचे 7.5 वाले लोक पीटीईत सरासरीने 76 च्या वर असतात, पण त्या सरासरीच्या आजूबाजूला पसरलेले असतात, आणि माझ्या चौदा मागे-वळण्यांच्या मुलासारखे जे असतात ते खाली सापडतात. तुम्ही बहुतेक तिथेच आहात. त्यामुळे एका परीक्षेच्या मार्कांवरून कोष्टक बघून "मला दुसरीत इतके पडणारच" असं मानणं चूक, आणि कोष्टक खोटं आहे म्हणणं पण चूक.

शिवाय पट्टीचा जाडेपणा. आयईएलटीएस अर्ध्या बँडच्या उड्या मारते, पीटीई 10 ते 90 मध्ये एकेक मार्क. मधल्या पट्ट्यात आयईएलटीएसचा अर्धा बँड म्हणजे पीटीईचे ढोबळ दहा मार्क. त्यामुळे तुमचा 6.5 हा 7 ला टेकलेला होता की 6 च्या शेजारून नुकताच वर आलेला, ते मार्कशीट सांगतच नाही. आणि कुठल्याही परीक्षेत मोजणीचीच थोडी चूक असते, आयईएलटीएसच्या लिसनिंग-रीडिंगला ती साधारण 0.4 बँड धरतात, म्हणजे त्याच माणसाने पुढच्या शनिवारी परत दिली तर अर्धा बँड इकडेतिकडे होणं यात नवल काही नाही. ओव्हरऑल 7.5 चं पण तसंच, तुमच्या चार आकड्यांची सरासरी 7.375 आहे, ती जवळच्या अर्ध्यावर नेली म्हणून 7.5. पीआरला ओव्हरऑल कोणी विचारत नाही, ते विद्यापीठांचं.

मुदतीबद्दल. रिन्यू होत नाही, कुठलीच नाही, संपली की पूर्ण नवी परीक्षा. पण "संपली" म्हणजे काय हे कोण विचारतंय त्यावर आहे. परीक्षा घेणारे दोन वर्षं सांगतात, कारण भाषा वापरली नाही तर गंजते आणि वापरली तर वाढते, जुना आकडा आजच्या माणसाबद्दल काही सांगत नाही. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसालाही दोन वर्षंच. पण तुमच्या स्किल्ड व्हिसाच्या पॉइंटना तीन वर्षं चालतात, आणि ती मोजतात व्हिसाचा अर्ज करा असं खात्याचं इन्व्हिटेशन येईल त्या तारखेपासून मागे. अर्जाची फाइल कधी उघडली त्याला अर्थ नाही. म्हणजे तुमची नोव्हेंबर 2024 ची आयईएलटीएस नोव्हेंबर 2027 च्या आधी इन्व्हिटेशन आलं तर जिवंत आहे. 10 पॉइंट देणार नाही, पण चारही ठिकाणी 6 च्या वर असल्यामुळे किमान पात्रता भागवते. रद्दीत टाकू नका. फक्त स्किल असेसमेंट करणारी संस्था स्वतःची वेगळी मुदत लावू शकते, ती तिच्या साइटवर बघा. पीटीईचा स्कोअर खात्याकडे ऑनलाइन पाठवावा लागतो, छापील कागद चालत नाही, म्हणून अकाउंटमध्ये दिसतोय तोवरच पाठवून ठेवा, दोन वर्षं उलटल्यावर धावपळ नको.

कॅनडावाल्यांची मजा वेगळी, हे तुमच्यासाठी नाही पण वाचणारे बरेच असतील म्हणून. एक्सप्रेस एंट्रीत स्कोअर दोन वर्षांच्या आतला लागतो, आणि तो दोन दिवशी, प्रोफाइल भरता त्या दिवशी आणि पीआरचा अर्ज करता त्या दिवशी. माझ्या ओळखीतल्या एकाचं इन्व्हिटेशन आलं आणि कागद गोळा करता करता स्कोअर अकरा दिवसांनी शिळा झाला. आणि जर्मन शिकणाऱ्यांनी घाबरू नये, गोएथेच्या प्रमाणपत्रावर मुदत नसते, कारण ते "ही पातळी पास झाली" असं सांगतं, दहावीच्या सर्टिफिकेटसारखं. तरी समोरचा नवं मागू शकतो, तो त्याचा हक्क.

मग आता तुम्ही कुठली द्यावी? दोन परीक्षांचे चांगले चांगले भाग जोडून चालत नाही, आयईएलटीएसचं स्पीकिंग आणि पीटीईचं रायटिंग असं नाही, हे लोक मला दर आठवड्याला विचारतात. मी दोन्ही बाजू तोलल्या तर असं दिसतं. पीटीईत तुम्हाला स्पीकिंग आठने वाढवायचंय, आणि ते सवयीचं असेल तर महिन्यात होतं, पण रायटिंगला फक्त तीन मार्कांचा टेकू आहे, डिक्टेशनची दोन वाक्यं निसटली की तिकडून पडाल. आयईएलटीएसमध्ये बाकी तिन्ही 7.5 किंवा वर, म्हणजे तिथे हवा भरपूर, अडकतो फक्त निबंध. आणि कॉम्प्युटरवर दिलीत तर एकच विषय परत देण्याची सोय आहे, वन स्किल रिटेक म्हणतात, मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत, ऑस्ट्रेलियाला चालतो. तुमच्या 2024 च्या परीक्षेसाठी ती दारं केव्हाच बंद झाली, पेपर परत तपासायला लावायची पण, तिला तर सहाच आठवडे असतात.

म्हणून आधी ते रेकॉर्डिंग करा, आणि एक निबंध 40 मिनिटांत लिहून कोणातरी जाणत्याला दाखवा, असा की जो लाल पेनाने मुद्द्यावर बोट ठेवेल, नुसतं व्याकरण सुधारून देणारा नको. खुणा खूप निघाल्या आणि निबंध ठीक निघाला, तर मला विचाराल तर मी आयईएलटीएस देईन, कारण तिथे एक विषय परत द्यायची खिडकी आहे. निबंधात मतच सापडत नाही असं त्याने सांगितलं तर ते दुरुस्त व्हायला मला वाटतं दोन-तीन महिने लागतात, त्यापेक्षा पीटीईचं मागे वळणं मोडणं लवकर होतं. दोन्ही बरं निघालं तर तुमचा दिवस खराब होता, पीटीईच परत द्या. निबंध इथे टाकलात तर मी पण बघेन, पण रविवारी, बाकी दिवस रात्री नऊपर्यंत क्लास असतो.